खिचडीच्या नुसत्या फोटोला काय उत्तर द्यावं?

> "मावशीनं साबुदाणा खिचडीचा फोटो पाठवलाय, खाली एक शब्द नाही. कृती ओळखायची, मांडणीबद्दल बोलायचं की कॅलरी सांगायच्या?"

आधी फोटो कसा काढलाय ते बघा. ताट मधोमध, वर कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड असेल तर मांडणीकडे लक्ष जावं असं त्यांना वाटतंय. दाणे दिसावेत म्हणून अगदी जवळून काढला असेल, तर बहुधा खिचडी कशी जमली हेच विचारायचंय. तिथे बोलण्यासारखं खूप असतं. दाणे पारदर्शक आणि सुटे म्हणजे भिजवण नेमकं झालंय, मधे पांढरा ठिपका राहिला तर कमी भिजलाय, आणि गोळा झाला असेल तर पाणी जास्त झालंय किंवा साबुदाणा नीट धुतला गेला नाही.

कॅलरी मात्र न विचारता सांगू नका. एका माणसाचा 50 ग्रॅम कोरडा साबुदाणा साधारण 175, 20 ग्रॅम दाण्याचं कूट 115, छोटा बटाटा 40 आणि मोठा चमचाभर तूप 125, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. पण तूप एक चमचा की दोन, हे फोटोत कळतच नाही, आणि तेवढ्यानंच सव्वाशेचा फरक पडतो. शिवाय उपवासाच्या दिवशी हौसेनं केलेल्या पदार्थावर आकडा ऐकून माणूस हिरमुसतो.

मी असं लिहीन: "मावशी, दाणा काय सुटा झालाय! किती वेळ भिजवला होतास?" तिला दुसरं काही हवं असेल तर ती उत्तरात सांगेलच.