संकेतस्थळाला नव्वद दिवस झाले. वर्दळ वाढली, चौकशा वाढल्या, आता पुढचा पैसा कुठे घालावा?

कौलारू (फोंडा)

नमस्कार. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि कौलांची शाकारणी हा आमचा वडिलांपासून चालत आलेला व्यवसाय आहे. १ एप्रिलला आम्ही संकेतस्थळ सुरू केले आणि त्याबरोबर गूगलवर जाहिरातही लावली. २९ जूनला नव्वद दिवस पूर्ण झाल्यावर मी सर्व आकडे एका वहीत उतरवले, ते असे:

| | एप्रिल | मे | जून |
|---|---|---|---|
| भेटी | ६१० | ८९० | १,३४० |
| चौकशा | १८ | २९ | ४२ |
| जाहिरात खर्च (रु.) | ६,००० | ७,५०० | १४,००० |

संकेतस्थळ बांधण्याचे ३८,००० रुपये एकदाच गेले आणि डोमेन व होस्टिंग मिळून वर्षाला ४,५०० रुपये लागतात. जाहिरातीच्या २७,५०० रुपयांना ८९ चौकशांनी भागले, तर एका चौकशीमागे ३०९ रुपये पडतात, जे मला महाग वाटत नाहीत. तरीही पक्की झालेली कामे १६ आहेत आणि त्यांतली जूनमधली फक्त २. माझ्याजवळ आणखी २५,००० रुपये आहेत. जून उत्तम गेला म्हणून जाहिरात दुप्पट करावी, की संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे दहा नवी पाने लिहून घ्यावीत?

म्हापशेकर

भेटी सरासरी किती सेकंद टिकतात ते पाहिलेत का? अर्ध्या मिनिटापेक्षा कमी असतील तर दोष पानांतच आहे, असे समजून आधी नवी रचना करून घ्यावी. दुसरे म्हणजे, जाहिरातीच्या ठिकाणांच्या सेटिंगमध्ये गूगल मुळातच "त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणात रस दाखवणारे" असा पर्याय निवडून ठेवते. तुमचे काम गोव्यातच चालते, त्यामुळे तो बदलून फक्त गोव्यात असलेल्या लोकांपुरता ठेवा. दिल्लीच्या माणसाने केलेल्या क्लिकचे पैसे तुम्ही कशाला भरायचे?

वास्कोकर

आमच्या इमारतीची गच्ची गेल्या आठवड्यापासून गळते आहे. जुना कोबा फोडून नवा घालावा, की वरूनच मेम्ब्रेन टाकले तरी चालेल? आणि हे काम या महिन्यातच होईल का?

कौलारू (फोंडा)

वास्कोकर, पावसात बाहेरून काहीही करू नये, कारण ओल्या पृष्ठभागावर मेम्ब्रेन किंवा कोटिंग धरत नाही. आतून गळती कुठे उतरते हे पाहून तात्पुरती इंजेक्शन ग्राउटिंग करता येते. कायमचे काम ऑक्टोबरनंतरच. कोबा फोडायचा की नाही हे पाहिल्याशिवाय सांगणार नाही. व्यक्तिगत निरोप करा.

म्हापशेकर, सरासरी २४ सेकंद दिसते आहे.

जमाखर्च (मडगाव)

कौलारूबाब, वास्कोकरांना तुमची नव्वदावी चौकशी समजा, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले आहे. जूनमध्ये गोव्यात पाऊस सुरू होतो, घरे गळू लागतात आणि लोक शोधू लागतात. म्हणून वर्दळही वाढते आणि चौकशाही वाढतात. पण नेमके त्याच दिवसांत तुम्हाला बाहेरचे काम हाती घेता येत नाही. या वाढीचे श्रेय संकेतस्थळाला किंवा वाढवलेल्या जाहिरातीला देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे लागेल. संकेतस्थळ नसते तरी जूनमध्ये तुमचा फोन जास्त वाजलाच असता.

२४ सेकंदांची मला फारशी चिंता वाटत नाही. ज्याच्या हॉलमध्ये पाणी ठिबकते आहे, तो पान उघडतो, नंबर शोधतो आणि फोन लावतो. त्याला वीस सेकंद पुरतात. दोष पानांत असू शकतो, हे म्हापशेकरांचे म्हणणे मात्र तपासण्याजोगे आहे: मोबाईलचा डेटा वापरून स्वतः पान उघडून पाहा.

आता हिशेब. ८९ चौकशा सगळ्या जाहिरातीतून आलेल्या नसणार. काही नकाशावरच्या नोंदीतून, काही ओळखीतून आल्या असतील. जाहिरातीचा खर्च फक्त जाहिरातीच्या चौकशांना लावा. गूगलच्या जाहिरातींवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि खात्यातल्या अहवालात दिसणारा खर्च त्याविना असतो, तेव्हा तुमचे २७,५०० म्हणजे प्रत्यक्षात ३२,४५० रुपये. बांधणीचे ३८,००० या निर्णयात आणूच नका. ते गेले आहेत आणि पुढचे २५,००० कुठे घालावेत याच्याशी त्यांचा संबंध नाही.

जाहिरातीतून आलेली चौकशी तुम्ही वेगळी ओळखू शकता का? शकत असाल तर महिनावार मांडा, पण काम कोणत्या महिन्यात झाले त्यावरून नव्हे, तर चौकशी कोणत्या महिन्यात आली त्यावरून. मेमध्ये विचारलेल्या माणसाचे काम जूनमध्ये पक्के झाले असेल, तर ते मेच्या खात्यात जाते.

कौलारू (फोंडा)

ओळखता येते. जाहिरातीवर आणि तिच्यातून उघडणाऱ्या पानावर आम्ही एका वेगळ्या सिमचा नंबर दिला होता आणि त्या फोनवरच्या कॉलांची व व्हॉट्सॲप निरोपांची नोंद आमची सौ. वहीत ठेवते. दोन दिवस बसून पुन्हा मांडणी केली. खर्च जीएसटीसह आहे.

| | एप्रिल | मे | जून |
|---|---|---|---|
| जाहिरातीच्या चौकशा | ९ | १२ | २६ |
| खर्च (रु.) | ७,०८० | ८,८५० | १६,५२० |
| पक्की कामे | ३ | ४ | १ |
| चौकशीमागे (रु.) | ७८७ | ७३८ | ६३५ |
| पक्क्या कामामागे (रु.) | २,३६० | २,२१३ | १६,५२० |

हे पाहून मीच थक्क झालो. चौकशी जूनमध्ये सर्वांत स्वस्त पडली आणि काम सर्वांत महाग पडले.

आणखी एक अडचण आहे. एप्रिलमध्ये लोक कोणत्या पानावरून फोनच्या बटणाकडे गेले, हे ॲनॅलिटिक्समध्ये शोधू लागलो, तर एक्सप्लोरेशनमध्ये एप्रिल रिकामा दिसतो. काही बिघडले आहे का?

जमाखर्च (मडगाव)

बिघडलेले नाही. तिथे तपशिलाची माहिती मुळात दोनच महिने राखून ठेवण्याचे सेटिंग असते. नव्वद दिवसांचा आढावा घेणारा प्रत्येकजण यात एकदा तरी अडकतो. Admin मध्ये Data retention उघडून ते १४ महिने करा. गेलेला एप्रिल त्यातून परत येणार नाही, पण नेहमीच्या ठरावीक अहवालांत एप्रिलच्या एकूण भेटी आणि पानांचे आकडे दिसत राहतील.

तुमच्या तक्त्याबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. एप्रिलची ३ आणि मेची ४ ही इतकी लहान संख्या आहे की त्या दोन महिन्यांतला फरक म्हणजे फरकच नव्हे. एक गिऱ्हाईक इकडचे तिकडे झाले तरी आकडा उलटतो. जूनचा फरक मात्र मोठा आहे आणि त्याचे कारण आपल्याला आकड्यांबाहेरूनही माहीत आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवते. दुसरी गोष्ट अशी की जूनचे खाते अजून बंद झालेले नाही. त्या २६ पैकी काहीजण ऑक्टोबरमध्ये काम देतील, तेव्हा १६,५२० हा शेवटचा आकडा समजू नका. त्या २५ जणांची यादी करून सप्टेंबरच्या अखेरीस, चवथ आटोपल्यावर, प्रत्येकाला फोन करा. त्यातून सहा कामे मिळाली, तर एकूण सात कामांमागे जूनचा खर्च २,३६० रुपयांवर येतो, म्हणजे अगदी एप्रिलइतका.

जाहिरातीच्या खात्यात लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेल्या शब्दांचा अहवालही उघडा. त्यात सर्व शब्द दिसत नाहीत, तरी जे दिसतात तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

कौलारू (फोंडा)

उघडला आणि लाज वाटली. जूनच्या १४,००० पैकी ३,९०० रुपये ताडपत्रीचा भाव, वॉटरप्रूफ मोबाईल कव्हर आणि वॉटरप्रूफिंग कंपनीतल्या नोकऱ्या अशा शोधांवर गेले आहेत. मुलाने शब्द जुळवण्याचा सर्वांत सैल पर्याय ठेवला होता. हे शब्द आता वगळण्याच्या यादीत टाकले आहेत. मोबाईलवरही पाहिले: कामांच्या छायाचित्रांचे पान उघडायला मोजून अकरा सेकंद लागली, कारण प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच चार-चार एमबीचा चढवलेला आहे.

म्हापशेकर

म्हणजे दोष पानांत होता, हे मी म्हटलेच होते. ठिकाणाचे सेटिंगही बदलून टाका.

जमाखर्च (मडगाव)

फोटोंच्या बाबतीत तुमचे म्हणणे मान्य आहे. फोटो लहान करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, त्यासाठी नवी रचना नको. ठिकाणाबद्दल मात्र थांबावे. कौलारूबाब, या ८ पक्क्या कामांत गोव्याबाहेरून फोन केलेले किती होते?

कौलारू (फोंडा)

तीन. दोघे मुंबईचे आणि एक पुण्याचे. तिघांचीही पर्वरी आणि दाबोळीच्या बाजूला बंद घरे किंवा फ्लॅट आहेत. ४७ चौकशांपैकी बाहेरच्या ११ होत्या. तिन्ही कामे आकाराने मोठी होती. म्हापशेकरांचे ऐकून सेटिंग बदलले असते, तर ही तीन बहुधा आलीच नसती.

बोरीची मावशी

माझा व्यवसाय निराळा आहे, मी कोकम सोले आणि आगळ पाठवते, पण बाहेरच्या गिऱ्हाइकाबद्दल लिहावेसे वाटले. मुंबई-पुण्याहून मागणी मोठी येते आणि पैसे मात्र मागे लागून घ्यावे लागतात. एका मागणीची रक्कम मला चार महिन्यांनी मिळाली. ते मोठे काम तुमच्या वहीत कोणत्या तारखेला लिहिता, पक्के झाले त्या दिवशी की पैसे हातात आले त्या दिवशी?

कौलारू (फोंडा)

मावशी, पक्के झाले त्या दिवशी. तिघांपैकी एकाची अर्धी रक्कम अजून यायची आहे, हे मी आकड्यांत कुठेच धरलेले नाही.

जमाखर्च (मडगाव)

मावशींचा प्रश्न योग्य आहे. पुढच्या आढाव्यात "रक्कम जमा" असा रकाना वाढवा. बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी जाहिरात काढून तिला वेगळे बजेट द्यावे असे मला वाटते, म्हणजे त्यांचा खर्च आणि त्यांची वसुली दोन्ही स्वतंत्रपणे दिसतील. फक्त तीन कामांच्या आधाराने यापेक्षा ठामपणे काही सांगणे धाडसाचे होईल.

२५,००० च्या बाबतीत माझा सल्ला असा: दहा पाने नकोत. एकच पान लिहून घ्या, ज्यात पावसात कोणते काम होते, कोणते होत नाही आणि पाहणीची तारीख आत्ताच कशी ठरवून ठेवावी हे सरळ लिहिलेले असेल. वास्कोकरांना तुम्ही वर जे उत्तर दिलेत, त्याचीच पहिली तीन वाक्ये तिथे घाला. इमारतीच्या बाहेरून करायच्या कामांची जाहिरात सप्टेंबरअखेरपर्यंत बंद ठेवा, आतल्या गळतीची छोटी जाहिरात चालू राहू द्या, आणि उरलेली रक्कम फेब्रुवारी ते मेसाठी राखून ठेवा.

म्हापशेकर

तीन महिने जाहिरात बंद ठेवली तर गूगलला तुमचा विसर पडतो. मी हे सोसले आहे. पुन्हा चालू केल्यावर पहिले दोन आठवडे क्लिक महाग पडले होते.

जमाखर्च (मडगाव)

महाग पडले असतील, पण तो सुगीचा आरंभही असू शकतो, जेव्हा सगळेच जाहिरात चालू करतात. त्या दोहोंपैकी कारण कोणते, हे तुमच्या एका अनुभवावरून वेगळे काढता येणार नाही.

कौलारू (फोंडा)

आतली छोटी जाहिरात चालू ठेवली आहे, दिवसाला १०० रुपये. फोटो आज रात्री लहान करतो. २५ जणांच्या यादीत वास्कोकर सव्विसावे. वास्कोकर, आपला निरोप अजून आलेला नाही.

वास्कोकर

पाठवला. पाहणीचे पैसे पडतात का, हे तुमच्या संकेतस्थळावर कुठेच सापडले नाही, म्हणून थांबलो होतो.