मदत हवी आहे: लेप्टो, क्रिएटिनिन ५.८, तरी डॉक्टर म्हणतात डायलिसिस आज नको

भाऊ ३८ वर्षांचा, मोहोळकडे ऊस आहे. पाणी साचलेल्या सरीत दोन दिवस अनवाणी होता. आठवड्याने ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देईना, डोळे लाल झाले. गावात डेंग्यू समजून तीन दिवस दुखण्याची इंजेक्शनं दिली. आता सोलापुरात आयसीयूत आहे. लेप्टो निघाला. कावीळ आहे, प्लेटलेट ४८ हजार, क्रिएटिनिन ५.८, पोटॅशियम ३.४. लघवी दिवसाला १८०० मिली होते. डॉक्टर म्हणाले, थांबू. घरचे म्हणतात दुसरीकडे हलवा. काय करू?

भीमाकाठ: पाचच्या वर गेलं की डायलिसिस लागतंच. पण एकदा मशीनवर घेतलं की सुटत नाही, जपून.

रात्रपाळी: दोन्ही खरं नाही. मी किडनी विभागात डॉक्टर आहे, पेशंट मात्र पाहिलेला नाही. नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर आम्ही मशीन लावत नाही. लेप्टोत किडनीच्या नळ्या सुजतात, मीठ आणि पोटॅशियम धरून ठेवता येत नाही. म्हणून सुरुवातीला लघवी भरपूर आणि पोटॅशियम उलट कमी, असं दिसतं. तुमच्या भावाचं तेच चाललंय, त्यामुळे थांबणं पटतं. पण हे चित्र एका रात्रीत पालटतं. पिशवीतली लघवी दर तासाला लिहून घेतात का ते विचारा. ती घटत गेली, पोटॅशियम साडेसहाच्या वर जाऊन औषधांनी उतरेना, रक्तात आम्ल वाढलं, भाऊ बरळायला लागला किंवा दम लागला, तर थांबायचं नाही. कावीळ असताना लघवी अडली, तर लवकर आणि सुरुवातीला रोज डायलिसिस केलेलं बरं. खोकल्यात रक्ताचा एक ठिपका दिसला तरी लगेच सांगा. त्या वेळी जास्त सलाईनही फुप्फुसात उतरतं. आणि ती दुखण्याची इंजेक्शनं पुन्हा नकोत.

अक्कलकोटची लेक: वडिलांना मेंदूचा मलेरिया झाला होता. लघवी कोकमासारखी काळी, मग दोन दिवस थेंबही नाही. पाच वेळा डायलिसिस केलं. तेराव्या दिवशी आईने पिशवीत अर्धा लिटर बघितलं आणि रडायलाच लागली. आता मशीन नाही, काही नाही.

भीमाकाठ: आमच्या काकांचं कायमचं झालं, म्हणून लिहिलं.

रात्रपाळी: त्यांना साखर, बीपी आधीपासून होतं का? जुनी खराब किडनी असेल तर गोष्ट वेगळी. लेप्टोत बहुतेकांची परत येते, वेळ लागतो.

बार्शीकर: प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस देऊन बघा.

रात्रपाळी: आयसीयूत तोंडाने परस्पर काही देऊ नका.

धागाकर्ता: हलवलं नाही. सिस्टरने तासाचा कागद दाखवला. काल ७०-८० होती, पहाटेपासून ४०, ३५, ३०. खोकला नाही. हे घटणंच ना? डॉक्टरांना बोलावलंय, पोटॅशियम परत पाठवलंय.

रात्रपाळी: हो, हेच. तोच कागद त्यांच्यासमोर धरा. सलाईन किती गेलं तेही विचारा.