आयरॅकमधल्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्राची: एलएल.बी.चा पेपर मराठीतून लिहायचा आहे. समस्याप्रश्नाचं उत्तर आयरॅक या चार पायऱ्यांच्या मांडणीत लिहितेय. त्यातल्या तिघींना मुद्दा, नियम, निष्कर्ष हे शब्द बसले. नियमानंतरच्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ला काय लिहू?

दिगंबर: अर्ज. कोर्टात रोज किरकोळ अर्ज, दिवाणी अर्ज असंच लिहितो आम्ही.

सुहास: दिगंबरराव, इथे तो अर्थ नाही. मराठी निकालपत्रात मुद्दे आणि निष्कर्षांच्या पाठोपाठ ‘कारणमीमांसा’ येते. तोच शब्द घ्या.

वैजयंती: कारणमीमांसेत नियमही येतो, म्हणून इथे तो शब्द सैल पडतो. मी ‘उपयोजन’ म्हणेन. नियमातला एकेक शब्द घ्यायचा आणि दिलेल्या हकिकतीतली कोणती गोष्ट त्याला लागते ते दाखवायचं. समजा, पुण्याच्या अ ने ब ला यंत्र विकण्याचा प्रस्ताव टपालाने पाठवला. 3 जूनला अ ने प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र पेटीत टाकलं. 4 जूनला ब ने स्वीकृतीचं पत्र टाकलं. अ चं दुसरं पत्र ब ला 5 जूनला मिळालं.

सुहास: 3 तारीख आधीची आहे, म्हणजे प्रस्ताव रद्द झाला. करार नाही.

वैजयंती: इथेच मार्क जातात. करार अधिनियम, 1872 चं कलम 5 म्हणतं, प्रस्तावकापुरती स्वीकृती पूर्ण होण्याआधीच प्रस्ताव मागे घेता येतो. ती कधी पूर्ण होते, हे कलम 4 सांगतं: स्वीकृतीचं पत्र स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटून वाटेला लागलं की. इथे 4 जून. प्रस्ताव मागे घेणं मात्र ब च्या बाबतीत पूर्ण होतं ते त्याला कळल्यावर, म्हणजे 5 जूनला. 3 जूनला ते फक्त अ पुरतं पूर्ण झालं. म्हणून पत्र उशिरा पोचलं, करार झाला. ‘कोणाच्या बाबतीत’ हे दोन शब्द सोडले की तुमच्यासारखं उत्तर येतं. कलमं पाठ असूनही येतं, ते फार वाईट वाटतं.

प्राची: म्हणजे मुद्दाही ‘करार झाला का?’ एवढा मोघम नको?

वैजयंती: नकोच. ‘5 जूनला पोचलेलं पत्र कलम 5 च्या मुदतीत बसतं का?’ असा लिही. मग नियम आपोआप आटोपशीर होतो, अख्खं कलम 4 उतरवावं लागत नाही.

दिगंबर: माझ्या पक्षकाराने स्वीकृती व्हॉट्सअ‍ॅपवर दिली होती. त्याला हेच लागेल का?

वैजयंती: फोनसाठी 1965 च्या भगवानदास केडिया निकालात सर्वोच्च न्यायालयाने टपालाचा नियम लावला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं एका ओळीत सांगता येणार नाही, वेगळा धागा काढा.

सुहास: तारखांचं पटलं. पण ‘उपयोजन’ मला शिक्षणशास्त्रातलं वाटतं. मी मथळा ‘नियम वस्तुस्थितीला लावून पाहता’ असा देईन.

प्राची: लांब आहे, पण काय करायचंय ते त्यातच कळतं.