लंडनचा भाव ठरतो कसा?

"झवेरी बाजारातले लोक संध्याकाळी लंडनच्या सोन्याच्या भावाकडे डोळे लावून का बसतात? तो ठरवतं कोण?"

तो लिलावात ठरतो, लंडनच्या सकाळी 10:30 ला आणि दुपारी 3 ला. दुसरा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे 7:30, हिवाळ्यात 8:30. औंसाचा डॉलरमधला एक भाव पुकारतात आणि त्या भावाला किती घेणार, किती विकणार हे सहभागी बँका आणि व्यापारी 30 सेकंदांत कळवतात. समजा खरेदी 60,000 औंस आली आणि विक्री 35,000. मागणी जास्त, म्हणून भाव चढवून दुसरी फेरी. आता 45,000 विरुद्ध 41,000. फरक साधारणपणे 10,000 औंसांच्या आत आला की भाव पक्का. उरलेले 4,000 सहभागी आपसात वाटून घेतात आणि सगळे सौदे त्या एकाच भावाला होतात.

खरी गंमत इथेच आहे. स्क्रीनवरचा भाव क्षणाक्षणाला हलतो, खरेदी-विक्रीच्या भावातही फरक असतो. मग धरायचा कुठला? म्हणून मोठ्या सौद्यात 'अमुक दिवसाचा दुपारचा भाव' असं आधीच लिहून ठेवतात, माल आधी उचलला तरी चालतं. वाद घालायला जागाच उरत नाही. मुंबईत मात्र त्यावर डॉलरचा दर आणि आयात शुल्क चढतं, त्यामुळे लंडनला भाव पडला तरी रुपया घसरला असेल तर इथे सोन्याचा भाव आहे तेवढाच राहू शकतो.