मुडदूस: एकदाच मोठा डोस की तीन महिने रोज थेंब?

चिऊची आई: मुलगी २० महिन्यांची आहे. मनगटं जाड झालीयेत, उभी राहिली की पाय धनुष्यासारखे बाहेर वळतात. एक्स-रे पाहून मुडदूस सांगितलंय. व्हिटॅमिन डी ६, कॅल्शियम ८.३, फॉस्फरस ३, पीटीएच ३१०, अल्कलाइन फॉस्फेटेज १२००. एका डॉक्टरांनी एकदाच दीड लाख युनिट द्यायचं म्हटलं, दुसऱ्यांनी रोज ३००० तीन महिने. दोघंही आपापल्या मतावर ठाम. कोणाचं ऐकू?

वाडीवरचा डॉक्टर: मी मोठ्या डोसच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण पुस्तकात नाही. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं ऊसतोडीवाल्यांची. दिवाळी झाली की कुटुंब गाव सोडतं, ते उन्हाळ्यात परत येतं. रोजचं औषध सांगितलं तर पहिली बाटली संपते आणि तिथेच सगळं थांबतं. आता हिशेब करा: ८०० युनिट प्रति मिलीचे थेंब, ३००० युनिटला पावणेचार मिली. १५ मिलीची बाटली चार दिवसांत रिकामी. बारा आठवड्यांना २१ बाटल्या! त्यापेक्षा माझ्यासमोर पोटात गेलेला एक डोस बरा.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ: बाटल्यांचा हिशेब बरोबर आहे, म्हणून तर २००० युनिटची चघळायची गोळी कुटून देतात. पण चिऊची आई शहरात राहते, चार आठवड्यांनी परत येऊ शकते. तिच्यासाठी मी रोजचाच डोस निवडेन. चूक झाली तरी लहान होते, मुलाच्या अंगाला औषध झेपतंय की नाही हे कळायला वेळ मिळतो.

२०१६च्या जागतिक शिफारशींत दोन्ही मार्ग आहेत, फक्त वय पाहायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एकदम मोठा डोस नाहीच, रोज २००० युनिट. तीन महिने ते एक वर्ष रोज २००० किंवा एकदाच ५०,०००. वर्षानंतर बारापर्यंत रोज ३००० ते ६००० किंवा एकदाच दीड लाख. बारापुढे रोज ६००० किंवा एकदाच तीन लाख. रोजचा कोर्स किमान ९० दिवसांचा. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर एकाच तक्त्यातल्या शेजारच्या रकान्यांतलं बोलतायत. मला खटकलं ते वेगळंच. कॅल्शियमचं दोघांनीही काहीच सांगितलं नाही का?

कोवळं ऊन: एवढी औषधं कशाला? आमच्या आजीने सगळ्या नातवंडांना तेल लावून अंगणात बसवलं, कोणाला मुडदूस झाला नाही. ऊन हेच डी आहे.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ: ऊन हेच डी, हे खरंय. होऊ नये म्हणून ऊन उपयोगी. पण हाडं वाकल्यावर किती युनिट तयार झाली हे उन्हाला विचारता येत नाही. काचेआडच्या उन्हाचा तर उपयोगच नाही. आणि ऊन भरपूर असूनही मुडदूस होतो. नायजेरियात अशी मुलं सापडली, त्यांच्या जेवणात दिवसाला जेमतेम २०० मिलिग्रॅम कॅल्शियम होतं. त्यांना नुसतं डी देण्यापेक्षा कॅल्शियमने जास्त फरक पडला. आपल्याकडे दूध सुटलेलं, पेज आणि बिस्किटावर वाढणारं मूल याच वाटेवर असतं.

गुडघेदुखी ५२: मला पण डी कमी आहे, ६० हजारची पुडी आठवड्याला घेते, गुडघ्याला फरक नाही. महिनाभर रोज घेऊन बघू का?

वाडीवरचा डॉक्टर: ताई, हा धागा लहान मुलांचा आहे, आणि रोज अजिबात नको. माझ्याकडे एक बाळ आलं होतं, नऊ महिन्यांचं. पाच मिलीची ६० हजारची छोटी बाटली आठवड्यातून एक द्यायची होती. घरी ती रोज एक दिली, वीस दिवस. म्हणजे बारा लाख. बाळ उलट्या करत होतं, शी होत नव्हती, लघवी मात्र सारखी, वजन घटलेलं. कॅल्शियम १५ निघालं. चिठ्ठीवर 'आठवड्यातून' हा शब्द होता, पण गिचमिड. तेव्हापासून मी बाटली घरी देतच नाही, दवाखान्यात पाजतो.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ: म्हणजे मोठ्या डोसचा धोका तुम्हीच सांगितलात!

वाडीवरचा डॉक्टर: धोका बाटली घरी देण्याचा. मी हातात देतच नाही ना.

फॉस्फेटवाला बाबा: आमच्या मुलाला तीन डॉक्टरांनी तीनदा मोठा डोस दिला. डीची पातळी भरली, पाय मात्र वाकतच गेले. रिपोर्टमध्ये फॉस्फरस २.६ होता आणि पुढे छापलेली 'नॉर्मल' रेंज मोठ्या माणसांची, २.५ ते ४.५. म्हणून कोणाचं लक्षच गेलं नाही. लहान मुलांचा फॉस्फरस चार-साडेचारच्या वर असायला हवा. शेवटी मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाणारा आनुवंशिक मुडदूस निघाला. डी देऊन तो कधीच बरा झाला नसता. चिऊचा फॉस्फरसही ३ आहे, लक्ष द्या.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ: मुद्दा लाखमोलाचा, पण चिऊचं चित्र वेगळं दिसतं. तिचं पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन, वाढून ३१० आहे. डी आणि कॅल्शियम कमी पडलं की पीटीएच उसळतं आणि तेच फॉस्फेट लघवीवाटे बाहेर काढतं. तुमच्या मुलाचं पीटीएच बहुधा जवळपास नॉर्मल असेल. तरी खात्री उपचारानेच होईल.

चिऊची आई: कॅल्शियमचं सांगितलं नव्हतं. घरी सिरप आहे, त्यावर ५ मिलीत कॅल्शियम कार्बोनेट ६२५ मिलिग्रॅम लिहिलंय. ती दूध फारसं पीत नाही, अर्धी वाटी.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ: ६२५ला भुलू नका. कार्बोनेटमधलं ४० टक्केच कॅल्शियम, म्हणजे पाच मिलीत २५०. आपल्याला दिवसाला ५०० हवं, वय-वजन काहीही असो. आहार आणि औषध मिळून. अर्ध्या वाटीत फार तर नव्वद-शंभर, म्हणून डॉक्टरांना विचारून पाच-पाच मिली दोनदा, जेवणासोबत. हे पहिल्या दिवसापासून हवं. डी मिळाल्यावर उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, आणि बाहेरून भर नसेल तर मुलाला झटके येऊ शकतात. चिऊचं कॅल्शियम आधीच ८.३ आहे. हातपाय आखडले किंवा झटका आला तर तसंच इमर्जन्सीत न्या.

कोवळं ऊन: मग नाचणी?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ: जरूर द्या. पण नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यामुळे सिरप बंद करून नव्हे.

चिऊची आई: बरं झालं हे कळेल कशावरून? पाय कधी सरळ होतील?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ: पायाकडे बघत बसू नका, ते सर्वांत शेवटी. चौथ्या आठवड्याच्या सुमारास मनगटाच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाला पांढरी रेघ दिसू लागते, तीच पहिली बातमी. कॅल्शियम, फॉस्फरस त्याच्या आसपास सुधारतात. अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र रेंगाळतं, सुरुवातीला थोडं वाढलं तरी घाबरू नका. बारा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. तेव्हाही रेघ नसेल तर डोस वाढवत न बसता फॉस्फेटवाल्या बाबांनी सांगितलेल्या आनुवंशिक मुडदुसाची तपासणी. रेघ आली तर कोर्स संपवून रोज ६०० युनिटवर. पाय सरळ व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, बहुतेक मुलांचे आपोआप होतात.

वाडीवरचा डॉक्टर: हे सगळं मान्य. पण चौथ्या आठवड्याला परत येईल असं मूल माझ्याकडे दहात एखादं. त्याला रोजचं लिहून देऊन मी काय साधू?

चिऊची आई: उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जातेय, सिरपची बाटली सोबत घेऊन. रोजचं जमेल आम्हाला.