मदत हवी आहे : एकाच पत्रात दोन वेळा 'क़द', अर्थ मात्र उलटे?

शब्दवेल्हाळ
मालवाहतुकीच्या एका अरबी पत्राचा मराठी अनुवाद करतोय. त्यात ही दोन वाक्यं आहेत:

क़द तम्म शह्नुल-बिदाआ.
व-क़द तताअख़्ख़रुश्-शह्ना यौमैन.

'क़द' म्हणजे 'खात्रीने' असं धरून मी लिहिलं: "माल चढवून झाला आहे. खेप दोन दिवस उशिरा आली आहे." तपासणाऱ्यांनी दुसरं वाक्य खोडून "उशीर होऊ शकतो" असं केलं. एकच शब्द पहिल्या ठिकाणी पक्का आणि दुसऱ्या ठिकाणी डळमळीत कसा?

पाऊलखूण
क़द म्हणजे भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ. "माल चढवला होता" असं हवं. दुसऱ्या वाक्याचं सांगता येत नाही.

नूनगुन्ना
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. क़द एकटा वाचू नका, पुढच्या क्रियापदाचं रूप आधी बघा. 'तम्म' भूतकाळी आहे, त्यामुळे काम पुरं झालंय आणि त्याचा परिणाम आत्ता समोर आहे. मराठीत "चढवला" आणि "चढवून झालाय" यांत जो फरक आहे, जवळपास तोच. वाट पाहणाऱ्याला दिलेली बातमी असते ती. नमाज उभी राहताना इक़ामतीत "क़द क़ामतिस्-सलाह" म्हणतात, तेही असंच: झालीच उभी, चला.

'तताअख़्ख़रु' हे वर्तमान-भविष्याचं रूप. त्याच्या आधी क़द आला की "कदाचित", "एखादे वेळी". जुनं उदाहरण "क़द यस्दुक़ुल-कज़ूब": लबाडही कधी खरं बोलून जातो. आजच्या बातम्या-पत्रांत नुसती शक्यता कळते, ती किती मोठी हे क़द सांगत नाही. म्हणून "बहुधा उशीर होईल" असंही लिहू नका.

पाऊलखूण, तुमचं अर्धं खरं आहे. "होता" आणतो तो 'कान': "कान क़द ग़ादर", निघून गेला होता. "वसल्तु व-क़द ग़ादरल-क़ितार" मध्येही मराठीत "मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती" होतं, कारण तिथे व-क़दचं वाक्य दुसऱ्या घटनेला टेकलेलं आहे. सुट्या वाक्यात "सुटलीय" एवढंच.

शब्दवेल्हाळ
कळलं. पण पत्रात स्वरचिन्हं नसतात. माझी चूक 'तताअख़्ख़र' न ओळखल्यामुळे झाली.

नूनगुन्ना
तिथे दोन 'त' मोजा. भूतकाळी रूप 'तअख़्ख़रत': एक 'त' सुरुवातीला, एक शेवटी. तुमच्या शब्दात दोन्ही सुरुवातीला आहेत.

खरी अडचण येते ती अलिफ-रा-सीन-लाम अशा चार अक्षरांची. स्वर नसताना "क़द अर्सल" म्हणजे त्याने पाठवलंय, "क़द उर्सिल" म्हणजे पाठवलं गेलंय आणि "क़द उर्सिलु" म्हणजे मी पाठवीनही, तिन्ही सारखेच दिसतात. पुढे कर्ता आणि पाठवलेली वस्तू दोन्ही असतील तर पहिलं. नुसती वस्तूच असेल तर बहुधा दुसरं. आणि पत्र लिहिणारा 'मी' म्हणून बोलत असेल, सोबत 'उद्या' असेल, तर तिसरं. हे ठरेपर्यंत क़दचा अनुवाद करूच नये.

गल्फचा पत्ता
माझ्या कंपनीच्या नियमावलीत "क़द तुफ़्रदु ग़रामा" आहे. म्हणजे दंड ठरलेलाच ना?

नूनगुन्ना
नाही. 'दंड लावला जाऊ शकतो' एवढंच. दंड करण्याचा अधिकार सांगायचा असेल तर सहसा 'यजूज़' किंवा 'यहिक़्क़ु' लिहितात. तरी त्या वाक्याच्या भरवशावर राहू नका, दंडाचं कलम वेगळं असेल ते शोधा.

शब्दवेल्हाळ
आणि नकार? "अजून पोचली नाही" साठी "क़द मा वसलत" लिहिलं तर?

नूनगुन्ना
चुकीचं. भूतकाळाच्या नकारासोबत क़द टिकत नाही. "लम तसिल बअद" लिहा, किंवा "लम्मा तसिल". "क़द वसलत"चं खरं उलट रूप हेच. "क़द ला तसिलु", कदाचित पोचणार नाही, हे मात्र वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं.

हर्फ़
सर्रास दिसतं म्हणून बरोबर ठरत नाही. क़द होकारार्थी क्रियापदालाच चिकटतो, मध्ये 'ला' चालत नाही. "रुब्बमा ला तसिलु" लिहावं. आणि वर्तमान रूपाआधी क़द म्हणजे नेहमी शंकाच, हेही खरं नाही. क़ुरआनात 2:144 ला "क़द नरा तक़ल्लुब वज्हिक" आहे. तिथे "कदाचित आम्ही पाहतो" म्हणाल का?

नूनगुन्ना
नाही म्हणणार. पाहणारा अल्लाह आहे, म्हणून तिथे खात्रीच. मालाच्या पत्राला ते लागू होत नाही. 'ला'बद्दल जुना नियम तुम्ही म्हणता तोच, पण आजच्या पत्रात तो खोडून दुरुस्त करावा असं मला वाटत नाही.

हर्फ़
क़ुरआनाचे जुने भाष्यकार ज़मख़्शरी यांनी त्या आयतीत "अनेकदा पाहतो" असा अर्थ घेतलाय. म्हणजे खात्री कर्त्यामुळे आली, की क़दमध्येच आवृत्तीचा अर्थ होता, हे इतकं सरळ नाही.

शब्दवेल्हाळ
पत्रापुरतं "उशीर होऊ शकतो" ठेवतोय. 2:144 वर आणखी कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.