मदत हवी आहे: ब्रँड सर्च वाढला, सर्वेत फरक दिसेना

आमच्या एका मसाल्याच्या क्लायंटसाठी नाशिकमध्ये सहा आठवडे यूट्यूबवर जाहिरात चालवली. सोलापूरला मुद्दाम काहीच दाखवलं नाही, म्हणजे तुलना करता येईल. क्लिक नगण्य आले आणि मालक म्हणतात, "पैसे पाण्यात गेले." पण जाहिरात नाव लक्षात राहावं म्हणून होती, क्लिकसाठी नव्हतीच.

त्यामुळे ब्रँडचं नाव किती सर्च होतं ते पाहायचं ठरवलं, पण गूगल सर्च कन्सोलमध्ये शहरवार आकडे मिळत नाहीत. म्हणून गूगल अ‍ॅड्समधल्या ब्रँडनावाच्या कीवर्डची इम्प्रेशन्स शहरानुसार काढली. बजेट कमी पडून इम्प्रेशन्स बुडत नाहीत ना, हेही तपासलं. नाशिकमध्ये आठवड्याला सरासरी ४०० वरून ६२० झाली, सोलापुरात ३०० वरून ३४५. सोलापूरची १५ टक्के वाढ दिवाळीची धरली, तर नाशिक तसंही ४६० वर गेलं असतं. म्हणजे जाहिरातीमुळे १६० जास्त, साधारण ३५ टक्के.

सर्वे मात्र गोंधळात टाकतोय. जाहिरात दाखवलेल्या ४०० जणांपैकी ३१ टक्क्यांनी नाव ओळखलं, न दाखवलेल्या ४०० पैकी २७ टक्क्यांनी. फरक ४ अंकांचा, पण एवढ्या नमुन्यात चूक सहाएक अंकांपर्यंत जाते. म्हणजे ही वाढ योगायोगही असू शकते.

एकच तुलनेचं शहर घेतलं ही माझी चूकच. आता जुन्या आकड्यांवरून अहिल्यानगर, जळगावही जोडावं का? आणि चार अंकांचा फरक खात्रीने पकडायला तुम्ही प्रत्येक गटात किती माणसं घेता? हजारात जावं लागेल असं वाटतंय, तेवढा खर्च मालकांना कसा पटवता?